दमानं घे गड्या: गडाच्या चढणीवर पावलागणिक म्हणायच्या ओळी

पुण्यातल्या बहुतेक नवख्या ट्रेकरांची पहिली खडी वाट म्हणजे सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट. अंतर तीन किलोमीटरच्या आतलं, पण तेवढ्यात सुमारे 600 मीटर उंची चढायची असते. म्हणजे पाच मीटर पुढे गेलात की साधारण एक मीटर वर. तीन मीटरचा एक मजला धरला तर 200 मजले. हा आकडा ऐकून कुणी घाबरत नाही, कारण पायथ्याला उत्साह भरपूर असतो. गाडी लावली, बुटाच्या नाड्या आवळल्या की गप्पा मारत सगळे शहरातल्या रस्त्यावरच्या वेगानं निघतात आणि पंधराव्या मिनिटाला दगडावर बसून धापा टाकत असतात.

यात त्यांच्या तब्येतीचा दोष फारसा नसतो. चढ सुरू झाला की मांड्यांना लगेच जास्त प्राणवायू लागतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला यायला काही मिनिटं घेतात. तेवढ्या वेळात पाय पुढे पळतात आणि श्वास मागे राहतो. एकदा श्वास सुटला की थांबून तो परत मिळवावा लागतो. मग माणूस ताजातवाना होऊन पुन्हा त्याच वेगानं निघतो आणि पुन्हा बसतो. धावायचं आणि बसायचं असा हा खेळ गडाच्या दरवाज्यापर्यंत चालतो.

पावलागणिक म्हणायची ओळ उपयोगी पडते ती इथे. अनेकांना वाटतं की अशी ओळ म्हणजे जोश वाढवायची घोषणा. माझं मत उलट आहे. चढणीवरची ओळ जोशासाठी नसते, ती वेग धरून ठेवण्यासाठी असते. ओळ श्वासावर बसवायची आणि पाऊल ओळीवर. श्वास पुरत नसेल तर ओळ तुटते, आणि ओळ तुटली की पाऊल मंद करायचं. हा नियम पाळला तर घड्याळ किंवा हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा नसतानाही नवख्या माणसाला आपला वेग सापडतो.

वाटेवर ताक आणि दही विकणाऱ्या गावातल्या मावश्यांकडे एकदा नीट बघा. डोक्यावर पाटी असते, पायात साधी चप्पल असते आणि पाऊल इतकं लहान की आपल्याला वाटतं, या पोचणार कधी? पण त्या थांबत नाहीत. धापा टाकणाऱ्या पोरांच्या शेजारून जाताना एवढंच म्हणतात, “दमानं या, दमानं.” पुढे दिलेली एक ओळ त्यांच्या या शब्दावरूनच घेतली आहे.

आधी श्वास मोजा, ओळ नंतर

गडावर जायच्या आधी घरच्या जिन्यावर एक संध्याकाळ द्या. चार-पाच मजले न थांबता, पण सावकाश चढा. एक श्वास सोडताना किती पायऱ्या होतात आणि घेताना किती, एवढंच बघा. मुद्दाम लांब श्वास घ्यायचा नाही, जसा येतो तसा येऊ द्यायचा. बहुतेकांचं गणित दोन पायऱ्यांत श्वास सोडायचा आणि दोनांत घ्यायचा, असं निघतं. दमल्यावर ते दोन आणि एक होतं, किंवा एका पायरीला एक पूर्ण श्वास लागतो. या तीन अवस्था म्हणजे तीन चाली आणि प्रत्येक चालीला वेगळी ओळ लागते. एकच ओळ पायथ्यापासून दरवाज्यापर्यंत ओढली तर ती खड्या टप्प्यावर हमखास तुटते.

ओळीचं माप ठरवायला आपल्याकडे तयार साधन आहे. अभंगात आणि ओवीत मात्रा नव्हे, अक्षरं मोजतात. ऱ्हस्व अक्षरसुद्धा चालीत लांबवून म्हटलं जातं, त्यामुळे सगळी अक्षरं सारख्या वजनाची होतात. चढणीवर हेच करायचं. “गड” हा शब्द छोटा आणि “नाही” मोठा अशी चिंता नको. दोन अक्षरं एका पावलाला द्यायची आणि गरज पडेल तिथे “गऽड” असं ओढून म्हणायचं.

पहिली चाल: चार पावलांची

सुरुवातीच्या सौम्य चढासाठी ही दोन चरणांची ओळ घ्या:

गड कुठे जात नाही,
घाई वर नेत नाही.

प्रत्येक शब्दाला एक पाऊल: गड, कुठे, जात, नाही. मग घाई, वर, नेत, नाही. “गड कुठे” म्हणताना श्वास सोडायचा आणि ते शब्द ओठांतल्या ओठांत उमटू द्यायचे. “जात नाही” मनात म्हणायचं, कारण तेव्हा श्वास आत येत असतो. दुसऱ्या चरणालाही तसंच. म्हणजे अर्धी ओळ ओठांवर आणि अर्धी मनात. नवखे लोक पूर्ण ओळ सलग मोठ्यानं म्हणायला जातात, श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीत आणि मग “ओळ म्हटली की जास्तच दम लागतो” अशी तक्रार करतात.

ही चाल पहिल्या पंधरा-वीस मिनिटांसाठी आहे आणि ती कंटाळवाणी वाटेल इतकी हळू असायला हवी. मधूनमधून एक परीक्षा घ्या: दोन्ही चरण एका श्वासात, साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणून बघा. आठही शब्द निघाले तर वेग बरोबर आहे. “घाई वर”पाशी आवाज तुटला तर पाऊल लहान करा. लांब पाऊल टाकून मंद चालण्यापेक्षा लहान पाऊल टाकून त्याच तालात चालणं बरं, कारण ताल तसाच राहतो आणि मांडीवरचा भार कमी होतो.

याच ओळीनं अंतरही मोजता येतं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याच हाताच्या बोटांची पेरं मोजा: चार बोटं, प्रत्येकाला तीन, एकूण 12. दोन्ही चरण झाले की एक पेर पुढे. एका आवर्तनात आठ पावलं, म्हणजे एका हातात 96, जवळजवळ 100 पावलं. सहा हात झाले की उभ्यानं एक मिनिट थांबा आणि दोन घोट पाणी प्या. चढावर याला साधारण दहा ते पंधरा मिनिटं लागतात. असं ठरवून थांबणं आणि कोसळून थांबणं यांत फार फरक आहे. ठरवून थांबलात तर एका मिनिटात श्वास जागेवर येतो आणि पाय आखडत नाहीत. ट्रेकिंगच्या काठ्या वापरत असाल तर पेरं मोजता येणार नाहीत. मग वाटेतलं एखादं झाड किंवा विजेचा खांब नेमून ओळ तिथपर्यंत न्या.

दुसरी चाल: तीन पावलांची

चढ वाढला की “जात नाही”च्या आधीच श्वास आत ओढावासा वाटतो. हीच चाल बदलायची खूण. आता तीन पावलांची ओळ घ्या:

दमानं, घे गड्या, दमानं.

तिन्ही तुकड्यांत तीन-तीन अक्षरं आहेत आणि प्रत्येक तुकड्याला एक पाऊल. पहिल्या दोन तुकड्यांवर श्वास सोडायचा, तिसरा मनात म्हणून श्वास घ्यायचा. बाईमाणसांना “गड्या” नको असेल तर “दमानं, घे बाई, दमानं” असं म्हणावं, अक्षरं तेवढीच बसतात.

तीनच का? चार पावलांच्या ओळीत पहिला शब्द दर वेळी त्याच पायावर पडतो. बोलताना पहिल्या शब्दावर आपोआप जोर येतो आणि तो जोर त्या पायालाही मिळतो. सपाटीवर हे जाणवत नाही, पण उंच दगडी पायऱ्यांवर अर्ध्या तासात एक मांडी दुसरीपेक्षा जास्त भरून येते. तीनच्या ओळीत पहिला शब्द एकदा उजव्यावर आणि एकदा डाव्यावर पडतो. म्हणून लांबच लांब चढाला मी तीनचीच ओळ सुचवतो.

ज्यांना श्रद्धेची ओळ हवी आहे त्यांच्यासाठी तीनचं माप वारीत तयारच आहे: ज्ञानोबा, माउली, तुकाराम. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढते, तेव्हा रथाला जास्तीच्या बैलजोड्या लावाव्या लागतात. आणि त्या घाटात डोक्यावर तुळस घेतलेल्या साठीच्या बायकासुद्धा टाळ-मृदंगाच्या तालावर चढत असतात. एकट्यानं गड चढताना “ज्ञानोबा, माउली” ओठांवर आणि “तुकाराम” मनात, अशी विभागणी केली की ती ओळ तीन पावलांवर नेमकी बसते.

“हर हर महादेव” आणि “येळकोट येळकोट जय मल्हार” मात्र घोष आहेत. ते पोट आत घेऊन, पूर्ण आवाजात, एका दमात द्यायचे असतात. दरवाज्यात पोचल्यावर ते जरूर द्यावेत. चालता चालता दर चार पावलांना दिले तर श्वास त्यांच्यातच संपतो.

तिसरी चाल: एका पावलाची

गुडघ्याएवढ्या पायऱ्या, डोंगराची अंगावर येणारी सोंड किंवा पाठीवर मुक्कामाची जड सॅक असेल तेव्हा तीनची ओळही टिकत नाही. तेव्हा एका पावलाला तीन शब्द:

ठेव. टेक. चढ.

“ठेव” म्हणताना पुढचा पाय वरच्या पायरीवर नुसता ठेवायचा, त्याच्यावर भार द्यायचा नाही. “टेक” म्हणजे क्षणभर मागच्या पायावर उभं राहायचं. त्या वेळी मागचा गुडघा सरळ असावा, म्हणजे शरीराचं वजन स्नायूंऐवजी हाडांवर येतं आणि मांडीला अर्ध्या-एका सेकंदाची सुट्टी मिळते. हे दोन्ही शब्द मनात, श्वास आत येताना. मग ओठांचा चंबू करून श्वास सोडत “चढ” म्हणायचं आणि पुढच्या पायावर उभं राहायचं. तळवा पूर्ण टेकलेला असावा. चवड्यावर चढलात तर पोटऱ्या लवकर भरतात.

हिमालयातले गिर्यारोहक उंचीवर असंच विसावा घेत पाऊल टाकतात. सह्याद्रीत हवा विरळ नसली तरी मांडी तीच आहे. चूक बहुतेकदा “टेक”मध्ये होते. माणूस थांबतो खरा, पण मागचा गुडघा वाकलेला ठेवून. तसं असेल तर विश्रांती मिळतच नाही, उलट तो अर्ध्या बैठकीत उभा राहतो. ओळखायचं कसं? “टेक”वर मांडीला हात लावून बघा. स्नायू मऊ लागला तर बरोबर, टणक लागला तर गुडघा वाकलेला आहे.

या चालीत मिनिटाला 20-25 पावलं पडली तरी पुरे. शेजारून कुणी तरातरा पुढे गेलं तर जाऊ द्या. पुढच्या वळणावर तो बहुधा बसलेला दिसेल.

स्वतःची ओळ बांधायची असेल तर

वर दिलेल्या ओळी पाठ करून जायला हरकत नाही, पण स्वतःच्या बोलीतली ओळ जिभेवर जास्त टिकते. कोकणातल्या माणसाची, विदर्भातल्या माणसाची आणि देशावरच्या माणसाची ओळ वेगळी असणारच. बांधताना मुख्य काळजी श्वासाची घ्या. ज्या शब्दावर श्वास सोडायचा आहे तो आ, ई, ए, ओ अशा मोकळ्या स्वरावर किंवा अनुस्वारावर संपला तर बरं, म्हणजे हवा अडत नाही. “दमानं”, “गड्या”, “माउली” असे शब्द चालतात. “झटपट” किंवा “ताबडतोब” यांसारखे शब्द ट आणि ब वर हवा अडवतात आणि श्वास मध्येच कापतात. शिवाय अर्थानंही ते घाई करायला लावतात. जोडाक्षरं कमी असावीत. “स्वराज्याच्या शिलेदारा” कागदावर छान दिसतं, पण धाप लागली की तीन पावलांत त्याचा चोथा होतो.

अर्थ साधा आणि तटस्थ ठेवा. “आलाच आता दरवाजा” अशी ओळ मी कुणालाही देत नाही. सिंहगडावर काय, तोरण्यावर काय, एक सोंड संपली की वर दुसरी दिसते. ओळीनं दिलेलं आश्वासन दहा वेळा खोटं ठरलं की पाय गळतात. “गड कुठे जात नाही” मात्र कुठल्याही वळणावर खरंच असतं.

ओळ तयार झाली की घरच्या जिन्यावर वीस वेळा म्हणून बघा. विसाव्या वेळी ती पहिल्याइतक्याच वेगानं म्हणत असाल तर ती गडावर न्यायच्या लायकीची आहे. वेग वाढलेला असेल तर ओळीत उड्या मारणारे शब्द आहेत, ते बदला.

दोघांनी म्हणायची असेल तर

दिंडीत एकजण चरण म्हणतो आणि बाकीचे झेलतात. झेलणारे म्हणत असतात तेव्हा पहिल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. दोघांच्या ट्रेकमध्ये हीच पद्धत सगळ्यात सोपी पडते: पुढच्यानं “गड कुठे” म्हणायचं, मागच्यानं “जात नाही”. ओळ पूर्ण ऐकू येते आणि प्रत्येकाला अर्धीच म्हणावी लागते.

यात एक अट आहे, आणि ती मोडली की गट फुटतो: ताल सगळ्यात हळू चालणाऱ्यानं द्यायचा. दमदार माणूस पुढे राहून ताल देऊ लागला तर मागचे लाजेखातर तो पकडतात, काही मिनिटं ओढतात आणि मग बसतात. गट सहा-सातपेक्षा मोठा असेल तर सगळ्यांची एक ओळ ठेवूच नका. उंच माणसाचं पाऊल आणि दहा वर्षांच्या मुलाचं पाऊल एका तालात बसत नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि जोडीला जोडीची ओळ द्या.

एक चढण, सुरुवातीपासून

माझी मावसबहीण पहिल्यांदा गड चढायला आली तेव्हा आम्ही आतकरवाडीतून पहाटे निघालो, कारण ऊन वर आलं की उघड्या सोंडेवर फार तापतं. ती ऑफिसात बसून काम करणारी, रोज अर्धा तास सपाटीवर चालणारी. वाडीतल्या शेवटच्या टपऱ्या मागे पडल्या तशी तिनं पावलं भराभर टाकायला सुरुवात केली. मी तिला पुढे केलं आणि म्हटलं, “तू म्हण, मी झेलतो.” पहिल्या पाच मिनिटांत ती दोनदा हसली, कारण इतकं हळू चालायची सवय नव्हती. “दादा, या वेगानं तर आपण दुपारी पोचू,” असंही म्हणाली.

पहिल्या दगडी पायऱ्यांपाशी तिचं “गड कुठे” ऐकू येईना, नुसता श्वास ऐकू येऊ लागला. मी परीक्षा घ्यायला सांगितली. आठांतले पाच शब्द निघाले आणि आवाज फुटला. तिथेच उभ्यानं एक मिनिट थांबून आम्ही तीनच्या ओळीवर आलो. “दमानं, घे बाई, दमानं” तिला लगेच बसली, कारण तिची आजी घरात तसंच बोलायची. पेरं मोजायचं काम तिच्याकडेच होतं. तीनच्या ओळीत एका हाताला 36 पावलं होतात, म्हणून पाण्यासाठी सहाऐवजी दहा हातांचा नेम केला. दहाव्या हाताला आम्ही थांबायचो, मग तिथे सावली असो वा नसो.

मधल्या सोंडेवर एक कॉलेजचा गट मोठ्यानं घोषणा देत आमच्या पुढे गेला. त्यांच्याबरोबर तिचंही पाऊल नकळत वाढलं. बाहेरचा ताल कानावर पडला की स्वतःचा सुटतो, हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. उपाय सोपा आहे: तो आवाज दूर जाईपर्यंत वाटेच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे सरकून उभं राहायचं आणि मग पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचं.

शेवटचा खडा टप्पा आला तेव्हा ऊन आलं होतं. तिथे “ठेव, टेक, चढ”. सुरुवातीला तिचा मागचा गुडघा वाकत होता. मांडीला हात लावून बघितल्यावर तिच्या ते लक्षात आलं. आम्ही दोन तासांपेक्षा थोडं कमी वेळात पुणे दरवाज्यात पोचलो. नवख्या माणसाला दीड ते दोन तास लागणं अगदी नेहमीचं आहे. वर पिठलं-भाकरी खाताना तिला धाप नव्हती आणि बोलायला आवाज होता, हे मला वेळेपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

ओळ कुठे बंद करायची

कातळटप्पा, रेलिंग, शिडी किंवा हात लावून चढायची कुठलीही जागा आली की ताल सोडून द्या. तालात हात टाकला की पकड तपासायची राहून जाते. अशा जागी प्रत्येक हालचालीच्या आधी, जागेवर उभं राहून एकदाच म्हणा: “हात धर, पाय बघ, मग चढ.” दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी पक्के असावेत, हलवायचा एकच. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतरणीवर आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरही तसंच. तिथे पाऊल कुठे पडेल हे दगड ठरवतो, त्याला ओळीची सक्ती करू नये.

गडांच्या कड्यांवर बऱ्याच ठिकाणी आग्यामोहोळं असतात. माश्या आवाजानं, धुरानं आणि उग्र अत्तरानं चवताळू शकतात. कड्याला काळे पोळे लटकलेले दिसले किंवा गावकऱ्यांनी सांगितलं, तर घोषणाही नको आणि मोठ्यानं ओळही नको. मनातल्या मनात म्हणत तिथून निघा.

काही वेळा शरीर वेगळी खूण देतं. एक-दोन मिनिटं उभं राहूनही तीन शब्दांची ओळ एका श्वासात निघत नसेल, छातीत दुखत किंवा दाबल्यासारखं वाटत असेल, डोकं गरगरत असेल, उलटीची भावना असेल किंवा उन्हात घाम येणं एकाएकी बंद झालं असेल, तर ती वेग जास्त झाल्याची खूण नाही. चढ तिथेच थांबवा. सावलीत बसा, सोबतच्याला सांगा, खाली उतरायची व्यवस्था करा. छातीत दुखत असेल तर स्वतः चालत उतरायचा हट्ट नको, मदत बोलवा. अशा वेळी ओळ म्हणून पुढे रेटणं धोक्याचं आहे.

उतरताना

उतारावर श्वासाचा प्रश्न उरत नाही, तिथे गुडघे बोलू लागतात. चढणीच्या ओळी तिथे वापरू नका. श्वास मोकळा असल्यामुळे ताल आपोआप वाढतो आणि थोड्या वेळानं माणूस जवळजवळ धावत असतो. उतारासाठी चार पावलांची ही ओळ घ्या: “पाय बघ, मग टेक.” प्रत्येक शब्दाला एक छोटं पाऊल, गुडघा किंचित वाकलेला, वजन पायांच्या वर, मागे झुकलेलं नाही. घसरण्याच्या भीतीनं लोक मागे झुकतात आणि त्यामुळेच टाच सुटते.

उतरताना ओळ मनातच म्हणा आणि कान मोकळे ठेवा. तुमच्या पायाखालून दगड सुटला तर लगेच “दगड!” असं ओरडायचं असतं. वरून तशी हाक आली तर वर बघायचं नाही. डोकं हातांनी किंवा सॅकनं झाकून आतल्या बाजूच्या कातळाला चिकटून उभं राहायचं, आणि दगड खाली गेल्याचा आवाज आला की मगच पुढचं पाऊल टाकायचं.